१५एच भरूनही टीडीएस कापतात, जादा अर्धा टक्काही मिळत नाही: ज्येष्ठांच्या ठेवीची पावती कशी तपासावी

गेल्या वर्षी जुलैत आत्याचा कराडहून फोन आला. "अगं, यंदाही कापले बघ. एप्रिलमध्ये फॉर्म भरून दिला, पोचही घेतली, तरी सोळाशे पंचवीस रुपये गेले." तिची ही तक्रार मी तिसऱ्या वर्षी ऐकत होते. दरवर्षी टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच बँकेने कापून घ्यायचा कर, कापला जायचा, ती आयकराचे विवरणपत्र भरून पैसे परत मिळवायची आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा १५एच, म्हणजे माझ्या उत्पन्नावर कर लागत नाही म्हणून टीडीएस कापू नका असे ज्येष्ठांनी बँकेला लिहून देण्याचा फॉर्म, भरायची. बँकेच्या ठेव विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे फोन ठेवण्याआधी तिला एवढेच म्हणाले, "आत्या, फॉर्मचा नाद सोड. आधी पावतीचा स्वच्छ फोटो पाठव."

काउंटरवर असताना हीच गोष्ट शेकडो वेळा पाहिली आहे. माणसे तीन वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतात. एकाला ज्येष्ठांचे अर्धा टक्का जादा व्याज मिळालेले नसते, दुसऱ्याच्या वयाचा पुरावा "चालत नाही" म्हणून परत येतो, तिसऱ्याचा फॉर्म भरूनही कर कापला जातो. तिन्हींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, आणि ते म्हणजे ठेव ज्या ग्राहक क्रमांकावर आहे, त्या क्रमांकामागे बँकेने नोंदवलेली जन्मतारीख. व्याजदर, ज्येष्ठ नागरिकाची नोंद आणि टीडीएसची मर्यादा हे सगळे संगणक त्या एका तारखेवरून ठरवतो. म्हणून तपासणीची सुरुवात फॉर्मपासून न करता पावतीपासून करावी.

पावतीवर काय पाहायचे

आत्याची ठेव १० लाखांची होती. १० एप्रिल २०२५ ला तीन वर्षांसाठी, व्याज मुदतीअखेर मिळेल या पद्धतीने ठेवलेली. पावतीवर व्याजदर ६.५० टक्के आणि मुदतपूर्तीची रक्कम १२,१३,४०८ रुपये. "ज्येष्ठ नागरिक" हे शब्द पावतीवर कुठेच नव्हते. पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण काही बँका ते शब्द छापतात, काही छापत नाहीत. खरा पुरावा दराचा असतो.

दर ताडून पाहताना बहुतेकांची एक चूक होते. लोक आज फलकावर लागलेला दर पाहतात. पाहायला हवा तो ठेव ठेवली त्या दिवशीचा, त्याच मुदतीच्या गटातला दर. बँकेच्या संकेतस्थळावरच्या तक्त्यावर "कोणत्या तारखेपासून लागू" हे लिहिलेले असते. आत्याच्या ठेवीच्या तारखेला तीन वर्षांचा सर्वसाधारण दर ६.५० होता आणि ज्येष्ठांचा ७.००. म्हणजे ६३ वर्षांच्या बाईला सर्वसाधारण दर लागला होता, हे तिथेच दिसले.

दरानंतर रक्कमही स्वतः मोजून पाहावी. आपल्याकडे मुदत ठेवीवर चक्रवाढ दर तिमाहीला होते, म्हणून मोबाइलमधल्या स्प्रेडशीटमध्ये हे दोन हिशेब टाकले तरी पुरते:

```
=1000000*(1+6.5/400)^12
=1000000*(1+7/400)^12
```

शेवटचा आकडा १२ म्हणजे तीन वर्षांतल्या बारा तिमाह्या. पहिल्याचे उत्तर १२,१३,४०८, दुसऱ्याचे १२,३१,४३९. अर्ध्या टक्क्याचा फरक बोलायला किरकोळ वाटतो, पण इथे तो अठरा हजारांच्या वर जातो. आपले उत्तर पावतीवरच्या रकमेशी पाच-दहा रुपयांच्या आत जुळले की बँकेने कोणता दर धरला ते कळते. मुदत पूर्ण वर्षांत नसेल, उदाहरणार्थ ४०० दिवस, तर वरच्या दिवसांचे व्याज वेगळे धरतात आणि फरक थोडा जास्त येतो.

दर महिन्याला व्याज घेणाऱ्यांची इथे फसगत होते. १० लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला ५,८३३ यायला हवेत, असा सरळ हिशेब करून माणसे भांडायला येतात, कारण त्यांच्या खात्यात ५,८०० च्या आसपास जमा होतात. तिमाहीचे व्याज तिमाही संपण्याआधीच हातात मिळत असल्यामुळे बँक ते किंचित सूट काढून देते. दर बरोबरच असतो. तिमाहीने व्याज घेणाऱ्याला मात्र याच ठेवीवर पूर्ण १७,५०० मिळाले पाहिजेत, आणि १६,२५० येत असतील तर जादा दर लागलेला नाही.

एका बाईचे दोन ग्राहक क्रमांक

पावतीच्या फोटोत डावीकडे वर ग्राहक क्रमांक होता. मी आत्याला म्हटले, "तू १५एच कुठे दिलास?" ती म्हणाली, "पुण्यात. ताईकडे आले होते ना तेव्हा. तिथंही माझी तीन लाखांची ठेव आहे, त्याच बँकेत." पुण्याच्या पावतीचा फोटो मागवला. बँक तीच, नाव तेच, पॅनही तोच, पण ग्राहक क्रमांक वेगळा. आणि त्या ठेवीला ७.०० टक्के दर बरोबर लागलेला.

म्हणजे बँकेच्या संगणकात माझ्या दोन आत्या होत्या. कराडचा क्रमांक पगार खात्याच्या वेळचा होता. पुण्याला नवीन खाते उघडताना जुन्या क्रमांकाला पॅन जोडलेला नव्हता, म्हणून संगणकाला ही तीच बाई आहे हे कळले नाही आणि दुसरा क्रमांक तयार झाला. पॅन नंतर केवायसीच्या वेळी जोडला गेला, पण क्रमांक दोनच राहिले. तिने भरलेला १५एच पुण्याच्या क्रमांकावर, पुण्याच्या ठेवीपुरता नोंदवला गेला. कराडच्या दहा लाखांना तो शिवलाच नाही.

दोन क्रमांक आहेत का हे ओळखणे सोपे आहे. घरातल्या सगळ्या पावत्या आणि पासबुकाची पहिली पाने शेजारी ठेवा आणि ग्राहक क्रमांक जुळतात का ते पाहा. बँकेच्या ॲपमध्ये एखादी ठेव दिसतच नसेल, तर ती बहुधा दुसऱ्या क्रमांकावर असते. बदली होणाऱ्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसांच्या बाबतीत, आणि ज्यांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली त्यांच्या बाबतीत हे फार आढळते.

पण दोन क्रमांकांनी टीडीएसचा उलगडा झाला, तरी कराडच्या ठेवीला कमी दर का लागला हे बाकीच होते. त्यासाठी आत्या शाखेत गेली आणि तिने एकच प्रश्न विचारला: "या क्रमांकावर माझी जन्मतारीख काय आहे?" उत्तर आले, १ जून १९६९.

१ जूनची तारीख

आत्याची खरी नोंद १ जून १९६१. आपल्याकडे त्या पिढीत १ जून जन्मतारीख असलेली माणसे गावोगाव आहेत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, जन्माची नोंद नसायची, गुरुजी नाव घालताना १ जून लिहून मोकळे व्हायचे. ती तारीख खरी की अंदाजाची याला बँकेच्या लेखी महत्त्व नाही. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन आणि निवृत्तिवेतनाचा आदेश या तिन्हींवर एकच तारीख असणे महत्त्वाचे, आणि आत्याच्या तिन्ही कागदांवर ती होती.

मग १९६९ कुठून आले? शाखेत खाते उघडण्याचा मूळ फॉर्म सापडला. आत्याने तो मराठीत, स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला होता. हाताने लिहिलेला १ आणि ९ यांत खालच्या शेपटीचा आणि वरच्या गाठीचाच काय तो फरक. टंकणाऱ्याने १९६१ चे १९६९ केले, आणि बँकेच्या दृष्टीने आत्या एका फटक्यात आठ वर्षांनी लहान झाली. या एका अंकाने पुढचे सगळे घडले. फॉर्म भरताना तारीख अंकांत आणि शेजारी वर्ष अक्षरांत लिहावे, असे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

वयाचा पुरावा म्हणून कोणता कागद न्यावा, यावर बराच गोंधळ असतो. माझ्या अनुभवात सर्वांत कमी वाद पॅन आणि पासपोर्टवर होतो. निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाचा आदेश उत्तम, कारण त्यावर जन्मतारीख आणि निवृत्तीची तारीख दोन्ही असतात आणि एकीवरून दुसरी पडताळता येते. जुन्या आधार कार्डांवर नुसते जन्मवर्ष छापलेले असते, पूर्ण तारीख नसते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. दोन कागदांवर दोन तारखा असतील, तर बँकेत जाण्याआधी पॅनवरची तारीख दुरुस्त करून घ्यावी. कराचा सगळा हिशेब पॅनला बांधलेला असतो, आणि बँकेत एक व पॅनला दुसरी तारीख असली की पुन्हा हीच गत होते.

टीडीएस का कापला, आणि फॉर्मची गरज होती का

ही गोष्ट आत्याला सगळ्यात जास्त लागली. १ एप्रिल २०२५ पासून एका बँकेतले वर्षाचे व्याज ज्येष्ठांच्या बाबतीत १ लाखापर्यंत असेल, तर बँक टीडीएस कापत नाही. साठीच्या आतल्यांना ही मर्यादा ५० हजार आहे. आता तिचे आकडे पाहा. दहा लाखांवर ६.५० टक्क्यांनी वर्षाचे व्याज सुमारे ६६,६०० होते. बँकेच्या नोंदीत ती साठीच्या आतली, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली. पहिल्या तिमाहीचे व्याज १६,२५०, त्याचे दहा टक्के म्हणजे १,६२५ कापले. तिने फोनवर सांगितलेला आकडा हाच.

जन्मतारीख बरोबर असती तर? दहा लाखांवर ७ टक्क्यांनी सुमारे ७१,९००, पुण्याच्या तीन लाखांवर सुमारे २१,६००. दोन्ही मिळून साडेत्र्याण्णव हजार, एक लाखाच्या आत. बचत खात्याचे व्याज या मोजणीत येतच नाही. म्हणजे जो फॉर्म ती दरवर्षी धावपळ करून देत होती, तो त्या वर्षी दिला नसता तरी एक पैसा कापला जायला नको होता.

१५एच हवा कधी? एका बँकेच्या सगळ्या शाखांतले व्याज मिळून लाखाच्या वर जात असेल आणि तरीही वर्षाच्या एकूण उत्पन्नावर कर शून्य येत असेल तेव्हा. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि १५एच देताना ही सवलत धरून चालते. शेअर विक्रीतल्या नफ्यासारखे वेगळ्या दराने कर लागणारे उत्पन्न असेल, तर आधी सल्लागाराकडून हिशेब करून घ्या, कारण खोट्या घोषणेवर कायद्यात शिक्षा आहे.

फॉर्म भरताना दोन रकाने चुकतात. एकात या घोषणेतले व्याज लिहायचे असते आणि दुसऱ्यात वर्षाचे एकूण अंदाजित उत्पन्न. लोक दोन्हीकडे एकच आकडा लिहितात. निवृत्तिवेतन, दुसऱ्या बँकांतले व्याज, भाडे हे सगळे दुसऱ्या रकान्यात आले पाहिजे. खाली ठेवींचे क्रमांक लिहायची जागा असते, तिथे प्रत्येक ठेव लिहा. एप्रिलमध्ये फॉर्म दिल्यावर ऑगस्टमध्ये नवी ठेव ठेवली, तर तिच्यासाठी नवा फॉर्म लागतो का ते विचारा, कारण अनेक बँकांत लागतो. पोच घेताना नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका. बँक प्रत्येक घोषणेला एक क्रमांक देते, १५एच साठी तो H अक्षराने सुरू व्हायचा. तो क्रमांक मिळाला म्हणजे फॉर्म टेबलावर न राहता संगणकात गेला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा कपाटातला जुना छापील फॉर्म देऊ नका, बँकेकडून चालू वर्षाचा घ्या.

आणि कापलेला टीडीएस बँक परत देईल ही आशा सोडा. एकदा तो सरकारकडे भरला गेला की परत मिळवायचा मार्ग विवरणपत्राचाच. तो २६एएस या करकपातीच्या वार्षिक पत्रकात आपल्या पॅनवर दिसतो ना, एवढे मात्र पाहून ठेवा.

दुरुस्ती कशी झाली

आत्याने एकाच अर्जात तीन मागण्या केल्या: जन्मतारीख दुरुस्त करावी, दोन्ही ग्राहक क्रमांक एक करावेत, आणि चालू ठेवीला १० एप्रिल २०२५ पासून ७.०० टक्के दर लावून नवी पावती द्यावी. तिसरी मागणी लेखी करणे फार गरजेचे आहे. जन्मतारीख सुधारली की दर आपोआप सुधारतो अशी समजूत असते, पण तसे होत नाही. चालू ठेवीचा दर ठेवीसोबत गोठलेला असतो. तारीख सुधारल्याचा फायदा पुढच्या ठेवीला मिळतो, आणि आत्ताची ठेव मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने चालते.

काउंटरवरच्या मुलाने तिला सुचवले, "काकू, ठेव मोडा आणि नव्याने ठेवा, लगेच ज्येष्ठांचा दर लागेल." तो मुलगा मनापासून सांगत होता, पण तो सल्ला तिने ऐकला नाही हे बरे झाले. मुदतीआधी मोडल्यास पैसे जितके दिवस राहिले त्या मुदतीचा दर मिळतो, वर दंड. तीन महिन्यांसाठी दर ५ टक्के आणि दंड एक टक्का धरला तर हाती ४ टक्के, म्हणजे साडेसहाच्या हिशेबाने सुमारे सहा हजारांचे नुकसान. एवढे करून मिळवायचे काय? रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रेपो दर तीन वेळा कमी करून ६.५० वरून ५.५० वर आणला होता आणि बँकांनी ठेवींचे दर उतरवले होते. जुलैत ज्येष्ठांचा नवा दर ६.५० झाला होता, म्हणजे तिला सध्या मिळत होता तेवढाच. दर चढते असताना मात्र हाच हिशेब उलटा निघू शकतो. म्हणून मोडण्याआधी दोन्ही बाजू कागदावर मांडा.

मागच्या तारखेपासून दर मिळेल का, हे चूक कोणाची यावर ठरते. आत्याच्या मूळ फॉर्मवर १९६१ लिहिलेले होते आणि सोबत शाळेच्या दाखल्याची प्रत जोडलेली होती. पुरावा बँकेच्याच फाइलमध्ये होता, तेव्हा चूक टंकनाची. शाखाधिकाऱ्यांनी ते मान्य करून प्रकरण वरच्या कार्यालयाकडे पाठवले. ठेवीच्या दिवशी बँकेकडे वयाचा कागदच नसेल, तर मागचा फरक मिळणे कठीण जाते. शाखेने लेखी अर्जाला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नकार पटला नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे पोचेचा शिक्का असलेली अर्जाची प्रत लागते, तोंडी तक्रार मोजली जात नाही.

कधी कधी नोंदी सगळ्या बरोबर असतात, तरी जादा दर मिळत नाही आणि तो नियमाप्रमाणेच मिळत नाही. संयुक्त ठेवीत साधारणपणे पहिल्या नावाचे वय पाहतात, त्यामुळे ५७ वर्षांच्या पत्नीचे नाव आधी असेल तर ६५ वर्षांच्या पतीमुळे दर वाढत नाही. ठेव ठेवताना साठीला दोन महिने कमी होते, तर ती पूर्ण मुदत सर्वसाधारण दरानेच चालते. गंमत म्हणजे टीडीएसच्या बाबतीत त्याच माणसाला त्याच वर्षापासून ज्येष्ठांची मर्यादा लागते, कारण आर्थिक वर्षात कधीही साठ पूर्ण झाली तरी कायदा त्याला त्या वर्षापुरता ज्येष्ठ मानतो. अशा माणसाने वर्षभराची ठेव ठेवून साठीनंतर नूतनीकरण करावे. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावरच्या ठेवीला कर्ता कितीही वयाचा असला तरी जादा दर नाही. मुलाकडे परदेशात जाऊन अनिवासी झालेल्या आईवडिलांनाही जादा दर मिळत नाही आणि १५एच देता येत नाही. आणि स्वयंचलित नूतनीकरणावर लक्ष ठेवा. काही ठिकाणी ठेव जुन्याच सर्वसाधारण योजनेत पुढे ढकलली जाते, म्हणून साठीनंतरच्या पहिल्या नूतनीकरणाची पावती हातात घेऊन दर वाचावा.

आत्याला सप्टेंबरमध्ये नवी पावती मिळाली. ठेवीची तारीख १० एप्रिल २०२५ तीच, दर ७.०० टक्के, रक्कम १२,३१,४३९, ग्राहक क्रमांक पुण्याचा. ही रक्कम टीडीएस धरण्याआधीची असते, त्यामुळे कापलेल्या १,६२५ मुळे हाती थोडे कमी येतील हे तिला सांगून ठेवले. त्याआधीची, २०२२ ते २०२५ ची ठेवही त्याच चुकीच्या तारखेमुळे कमी दराने चालली होती. तिच्या फरकासाठी वेगळा अर्ज दिला आहे, सोबत जुन्या पावतीची प्रत आणि २०२२ च्या एप्रिलचा दरतक्ता जोडला आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.